वाढत्या बेकरीचे रंग, लोगो आणि भाषा सगळ्या दुकानांत सारखी कशी ठेवावी? (सोलापूर)

पेठेतली_बेकरी

नमस्कार. सोलापुरात आमच्या घरची बेकरी आहे. मूळ भट्टी आणि पहिले दुकान शहरातल्या जुन्या पेठेत असून त्यानंतर सात रस्ता, होटगी रस्ता, जुळे सोलापूर आणि अक्कलकोट येथे दुकाने सुरू झाली. पंढरपूरचे दुकान दिवाळीपूर्वी उघडायचे आहे. खारी, टोस्ट, नानकटाई आणि केक हा सगळा माल एकाच भट्टीतून जातो, त्यामुळे चव सारखी असते. परंतु दुकाने मात्र एका घरची वाटत नाहीत.

आमचा रंग मरून आहे. पेठेतल्या फ्लेक्सच्या पाटीवर तो जवळजवळ लाल दिसतो, होटगी रस्त्याच्या एसीपी पाटीवर तपकिरीकडे झुकतो, केकच्या खोक्यावर जांभळट वाटतो आणि खारीच्या खाकी पिशवीवर काळपट होतो. लोगो म्हणजे देवनागरीत लिहिलेले आमचे नाव आणि त्याभोवती वर्तुळ. ते प्रत्येक छापखान्याने आपापल्या फॉन्टमध्ये नव्याने टाईप केले आहे. व्हॉट्सॲपवर एक शाखा ग्राहकांना ‘डिअर कस्टमर’ म्हणते, तर दुसरी ‘या की ओ’ लिहिते.

घरच्यांनी हे काम माझ्याकडे सोपवले आहे. सर्व शाखांना आणि छापखान्यांना देता येईल अशी एक पुस्तिका मला तयार करायची आहे. त्यात नेमके काय पक्के करावे, काय मोकळे सोडावे आणि सुरुवात कुठून करावी, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वेबकर

ताई, तुमचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. आत्ता प्रत्येक जण डोळ्यांनी अंदाज करून रंग लावतो आहे, हे त्याचे मूळ आहे. एक डिजिटल कोड निश्चित करा, उदाहरणार्थ #7A1F2B, आणि तोच फ्लेक्सवाल्याला, खोकेवाल्याला आणि इन्स्टाग्राम सांभाळणाऱ्याला द्या. कोड एकच असल्यावर रंग बदलण्याचे कारण उरत नाही. लोगोची फाइल ड्राइव्हवर ठेवून तिची लिंक सर्वांना पाठवा. पुस्तिका दोन पानांत संपेल.

शाई_आणि_कागद

छपाई आणि पॅकेजिंगच्या कामात माझे बरेच आयुष्य गेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वेबकर यांचे अर्धे म्हणणे योग्य आहे. रंग कुठेतरी लिहून निश्चित झालाच पाहिजे आणि मोबाईलच्या पडद्यापुरता तो कोड पुरेसाही आहे. मात्र तो कोड प्रकाशाचा रंग सांगतो, शाईचा नाही. छापखान्यात गेल्यावर त्याचे चार शायांमध्ये रूपांतर होते आणि ते प्रत्येक यंत्रावर व प्रत्येक कागदावर निराळे उतरते. ताईंना चार ठिकाणी चार मरून दिसतात, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

माझी सूचना अशी आहे की कोडऐवजी वस्तूपासून सुरुवात करावी. तुमच्याकडे आधीच असलेल्या एका वस्तूवरचा रंग ‘हा आमचा’ म्हणून घरात सर्वांनी मान्य करावा. केकचे खोके त्यासाठी सर्वांत सोयीचे आहे, कारण ते पांढऱ्या, गुळगुळीत बाजूच्या डुप्लेक्स बोर्डावर ऑफसेटने छापले जाते आणि तिथे रंगावर नियंत्रण ठेवता येते. सध्या ते जांभळट येत असेल, तर मालकाने स्वतः छपाईच्या वेळी यंत्रापाशी उभे राहून ते दुरुस्त करून घ्यावे. चार शायांतून मरून बनवत असाल, तर सी ३०, एम १००, वाय ८०, के ४० अशा प्रमाणापासून सुरुवात करता येईल. तुमच्या छापखान्यात त्यात थोडा फरक करावा लागेल. जांभळी झाक बहुतेक वेळा पिवळी शाई कमी पडल्यामुळे येते.

खोक्यांची संख्या वाढली की मरून ही स्वतंत्र, आधीच मिसळून तयार केलेली एकच शाई म्हणून छापून घ्या. छापखान्यात तिला ‘स्पेशल कलर’ म्हणतात. चार शायांतला मरून छपाई चालू असतानाही सरकतो. एका शाईचा बराच स्थिर राहतो. पॅन्टोन कंपनीच्या रंगांच्या पुस्तकातून क्रमांक निवडलात, तर त्याच्या शेवटी सी आहे की यू, हेही लिहून ठेवा. एकच क्रमांक गुळगुळीत कागदावर आणि खरबरीत कागदावर वेगळा दिसतो आणि ते शेवटचे अक्षर हाच फरक सांगते.

छपाई मनासारखी झाली की त्यातले तीन तुकडे कापा: एक बरोबर, एक चालेल इतका फिका आणि एक चालेल इतका गडद. तिन्ही एका जाड कार्डावर शेजारी शेजारी चिकटवून खाली तारीख घाला, मालक आणि छापखाना या दोघांच्या सह्या घ्या आणि अशी कार्डे प्रत्येक छापखान्याला व प्रत्येक शाखेला द्या. पुढचा माल आला की दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, कार्डाशेजारी धरून पाहा. फिक्या आणि गडद तुकड्यांच्या मध्ये बसला तर घ्या, नाहीतर परत करा. त्यानंतर दुकानातल्या एलईडी दिव्याखालीही पाहा, कारण उजेडात जुळणारे दोन रंग दिव्याखाली कधी कधी फटकून दिसतात. ही कार्डे लिफाफ्यात, अंधारात ठेवावी लागतात. काउंटरवर चिकटवून ठेवली तर त्यांचाच रंग उडून जाईल.

पेठेतली_बेकरी

हे फारच उपयोगी आहे. तीन तुकड्यांच्या कार्डाची कल्पना मला एकदम पटली, कारण आजवर ‘रंग चुकला’ असे आम्ही म्हणायचे आणि छापखान्याने ‘असाच होता’ म्हणायचे, यातच सगळे संपत असे. मात्र खाकी पिशवी आणि पाटी यांचे काय करावे? तिथे खोक्याचा रंग कधी जुळेल असे वाटत नाही.

शेंगाचटणी

आमचा शेंगाचटणीचा व्यवसाय आहे, म्हणून अनुभव सांगतो. रंग निवडताना ग्राहकाच्या भुकेचा विचार करावा. आम्ही निळे पाकीट काढले होते, ते दुकानदारांनी मागच्या फळीत टाकले. लाल काढल्यावर पुढे आले. माझ्या मते मरून हा बेकरीसाठी जरा जड रंग आहे. पिवळा किंवा नारिंगी घेतला तर केक ताजा वाटेल. तुम्ही रंगच बदलण्याचा विचार का करत नाही?

पेठेतली_बेकरी

दादा, सूचनेबद्दल आभार. मात्र रंग बदलायचा नाही, हे घरात ठरलेले आहे. पेठेतले जुने ग्राहक ‘मरून पाटीची बेकरी’ म्हणूनच पत्ता सांगतात. माझा प्रश्न आहे तोच रंग सगळीकडे सारखा कसा ठेवावा, एवढाच आहे.

शाई_आणि_कागद

खाकी पिशवीवर मरून जुळवण्याचा आग्रह सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. छपाईची शाई बहुतांशी पारदर्शक असते, त्यामुळे खाली कागदाचा जो रंग असेल, तो वरच्या शाईत मिसळतो आणि खाकीवर मरून काळवंडणारच. खाली पांढऱ्या शाईचा थर देता येतो, पण पाच-दहा रुपयांच्या खारीच्या पिशवीला तो खर्च परवडत नाही. शिवाय खारीतले तूप कागदात उतरले की छापलेला भाग आणखी गडद होतो. त्यापेक्षा पुस्तिकेत असे लिहा की खाकी कागदावर लोगो नेहमी गडद तपकिरी रंगात, एकाच शाईत छापायचा. सगळ्या शाखांत तो तसाच राहिला, तर ती तुमचीच ओळख होते. छपाई पिशवीच्या बाहेरच्याच बाजूला हवी, पदार्थाला शाई लागता कामा नये, आणि खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठीच्या शाईला आयएस १५४९५ हे मानक लागू आहे, हेही पिशवीवाल्याला लेखी कळवा.

पावाच्या पारदर्शक पिशवीची अडचण वेगळी आहे. तिथे मरूनच्या मागे पांढरा थर नसेल, तर पावाचा रंग आरपार दिसतो आणि लोगो विरळ वाटतो. मोठे कारखाने ग्रॅव्ह्युअर पद्धतीने, कोरलेल्या सिलिंडरवर छापतात, परंतु त्यासाठी एकाच वेळी फार मोठा माल घ्यावा लागतो. पाच-सहा दुकानांसाठी कोरी पिशवी घेऊन त्यावर कागदी लेबल लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण लेबल खोक्याच्याच छापखान्यात, त्याच शाईत छापून घेता येते आणि मरून आपोआप जुळतो.

आता पाटी. फ्लेक्सचे यंत्र चार शायांवर चालते आणि दोन दुकानांतली दोन यंत्रे सहसा सारखा रंग देत नाहीत. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि उन्हाने पिवळी व गुलाबी शाई लवकर उडते. या दोन शाया उडाल्या की मरून निळसर-करडा पडतो, त्यामुळे पेठेतली पाटी लाल दिसते त्याचे कारण ऊन नसून यंत्राचा फरक असावा, अशी शक्यता आहे. जुन्या फोटोंशी ताडून पाहा. कायमच्या पाटीसाठी फ्लेक्स वापरू नये, असे मी पुस्तिकेत स्पष्ट लिहीन. तो सणाच्या जाहिरातीपुरता ठेवावा. मुख्य पाटीसाठी क्रीम रंगाची एसीपी शीट आणि त्यावर मरून ॲक्रिलिकची कापलेली अक्षरे घ्या. शीट आणि ॲक्रिलिक या दोन्हींचे ठरावीक रंग कंपनीच्या शेडकार्डावर मिळतात. आपल्या कार्डाच्या सर्वांत जवळचा रंग एकदा निवडून कंपनीचे नाव आणि शेड क्रमांक लिहून ठेवलात, की पंढरपूरलाही तोच मागवता येईल. आतून दिवा असलेली पाटी करणार असाल, तर रात्री दिवा लावूनच नमुना मंजूर करा. मागून प्रकाश आल्यावर रंग बराच फिका पडतो, म्हणून बॅकलिट छपाईत शाई जास्त द्यावी लागते.

वेबकर

शाईविषयीचे स्पष्टीकरण मान्य आहे, माझ्या डोळ्यांसमोर फक्त पडदा होता. तरीही पुस्तिकेत कोड हवाच, असे मी म्हणेन, कारण आजकाल निम्मे ग्राहक आधी मोबाईलवर दुकान पाहतात. आणखी एक गोष्ट सुचवतो. रंग नेमका जुळण्याइतकेच त्याचे प्रमाण जुळणेही महत्त्वाचे असते. एका पोस्टरवर सगळी पार्श्वभूमी मरून आणि दुसऱ्यावर फक्त एक रेघ मरून असेल, तर शेड अचूक असूनही दोन्ही एका घरची वाटत नाहीत.

शाई_आणि_कागद

हा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि माझ्याकडून राहिला असता. बहुतेक जागा क्रीम, त्यावर ठळक मरून आणि तिसरा रंग, समजा हळदीचा पिवळा, फक्त किंमत किंवा नव्या मालाकडे लक्ष वेधण्यापुरता, असे प्रमाण ठरवून त्याचे दोन-तीन नमुने पुस्तिकेत छापा.

लोगोविषयीही लिहितो, कारण देवनागरी लोगोच्या अडचणी इंग्रजीतल्या नमुना पुस्तिकांमध्ये सापडत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे लोगो पुन्हा कधीही टाईप होता कामा नये. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट आहेत. एका संगणकावरचे नाव दुसऱ्यावर उघडले की मात्रा उडतात किंवा अक्षरेच बदलतात, आणि मग छापणारा आपल्या जवळच्या फॉन्टमध्ये नाव नव्याने बसवतो. म्हणून लोगो कर्व्ह करूनच द्यायचा, म्हणजे तो अक्षर न राहता आकृती होतो. कोरल आणि पीडीएफ अशा दोन्ही फाइली ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्याच्या कडा फुटतात.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. लोगोच्या चारही बाजूंना काही जागा रिकामी ठेवायची असते. ती शिरोरेषेपासून मोजली, तर वरची वेलांटी आणि मात्रा त्या जागेत घुसतात आणि वरची ओळ त्यांना चिकटते. तुमच्याकडे नावाभोवती वर्तुळ आहे, म्हणून वर्तुळाच्या बाहेरच्या कडेपासून मोजा. नाव वर्तुळाशिवाय वापरायचे असेल, तेव्हा सर्वांत वरच्या मात्रेपासून आणि सर्वांत खालच्या उकारापासून मोजा. जागा किती, हे शिरोरेषा ते अक्षराचा पाय एवढ्या उंचीत सांगितले की लेबल असो वा पाटी, नियम तोच राहतो.

तिसरी गोष्ट सर्वांत लहान आकाराची. हा आकडा कोणाला विचारून ठरत नाही. लोगो ३० मिलिमीटर, २५, २०, १५ आणि १२ मिलिमीटर व्यासाचा असा एकाच कागदावर छापा आणि ज्या आकारात जोडाक्षरातली पोकळी भरून जाते किंवा अनुस्वार दिसेनासा होतो, त्याच्या एक पायरी वर थांबा. ही चाचणी लेबलवर वेगळी आणि खाकी पिशवीवर वेगळी करा, कारण खाकीवर शाई पसरते. चार शायांतला मरून असेल तर बारीक मात्रांच्या कडेला रंगीत झालर येते. लहान आकारासाठी एकाच शाईचा लोगो हवा, त्याचे हेही एक कारण आहे.

नोंदणी_सल्लागार

मी ट्रेडमार्कच्या नोंदणीचे काम करतो. एवढे सगळे रंग निश्चित करण्याआधी लोगोची नोंदणी ३० व्या वर्गात करून घ्यावी. बेकरीचा माल त्याच वर्गात येतो. अर्ज रंगीत न करता काळ्या-पांढऱ्यात करा. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १० नुसार रंगाची मर्यादा न घालता झालेली नोंदणी सर्व रंगांसाठी धरली जाते, त्यामुळे तुमचा तपकिरी लोगोही तिच्यात येतो. मात्र अर्जातला आकार आणि प्रत्यक्ष वापरातला आकार एकच हवा. म्हणून पाच छापखान्यांच्या पाच लोगोंपैकी कोणता खरा, हे आधी ठरवा.

लेबलविषयीही एक सूचना आहे. पाकीटबंद मालावर शाकाहारी किंवा मांसाहारी चिन्ह पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळच, दर्शनी बाजूला असावे लागते, आणि अंडे घातलेल्या केकला तपकिरी चौकटीतल्या तपकिरी त्रिकोणाचे चिन्ह लागते. तुमच्या लोगोभोवतीच्या मोकळ्या जागेचा नियम आणि हा नियम एकमेकांना भिडतील.

शाई_आणि_कागद

म्हणूनच त्या चिन्हाची जागा पुस्तिकेतच आखून द्यावी: मोकळ्या जागेच्या लगेच बाहेर, उजवीकडे, प्रत्येक लेबलवर तिथेच. ते चिन्ह मरून पट्ट्यावर छापू नका, तपकिरी त्रिकोण मरूनमध्ये बुडून जाईल; क्रीमवर ठेवा. त्याचा रंगही आपल्या मरूनशी जुळवण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

पूर्वभागकर

भाषेविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी, आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘या की ओ’ हे मला मुळीच खटकत नाही. तो आपल्या गावचा बोल आहे आणि ‘डिअर कस्टमर’पेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. पुस्तिकेच्या नावाखाली सगळे संदेश सरकारी परिपत्रकासारखे करू नयेत.

दुकान_सांभाळणारा

मी दुसऱ्या एका व्यवसायाच्या शाखेत व्यवस्थापक आहे. पूर्वभागकरांशी मी निम्मा सहमत आहे. सणाच्या जाहिरातीत ‘या की ओ’ गोड वाटते. परंतु वाढदिवसाच्या केकवर नाव चुकले, म्हणून संतापलेल्या आईला त्याच सुरात उत्तर गेले, तर ते अपमानासारखे लागते. आमच्याकडे प्रसंगानुसार वाक्ये लिहून दिलेली आहेत. तक्रारीला उत्तर देताना आधी काय चुकले ते ग्राहकाच्याच शब्दांत मान्य करायचे, मग आपण काय करणार आणि किती वाजेपर्यंत, ते सांगायचे, आणि खाली लिहिणाऱ्याचे नाव द्यायचे. उदाहरणार्थ: ‘केकवर आरोहीचे नाव वेगळ्या प्रकारे लिहिले गेले’ असे मोघम न लिहिता, ‘केकवरचे नाव आमच्याकडून चुकले. नवा केक सायंकाळी ६ वाजेपर्यंत घरी पोहोचवतो’ असे लिहायचे. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ एवढेच लिहून थांबायला आमच्याकडे मनाई आहे.

पदार्थांच्या नावांची यादीही करा. एका शाखेत नानकटाई, दुसरीत नानखटाई, एका फलकावर ‘एगलेस’ आणि दुसऱ्यावर ‘अंडाविरहित’ असेल, तर रंग जुळवूनही दुकाने वेगळीच वाटतील. कोणता शब्द घ्यावा यावर वाद होईल. काउंटरवर ग्राहक जो शब्द बोलतो, तो घ्यावा, असे माझे मत आहे.

पेठेतली_बेकरी

सर्वांचे मनापासून आभार. आता माझ्यासमोर क्रम स्पष्ट आहे. पेठेतल्या पहिल्या पाटीवर रंगाऱ्याने हाताने काढलेले नाव हाच खरा लोगो, असे सासऱ्यांनी सांगितले आहे. त्याचा स्वच्छ फोटो काढून ते नाव पुन्हा रेखाटून आणि कर्व्ह करून घेणार आहे. त्यानंतर खोक्याची छपाई, मग तीन तुकड्यांची कार्डे आणि शेवटी पंढरपूरची पाटी. शब्दांची यादी काउंटरवरच्या मुलींकडून करून घेईन.

एक प्रश्न राहतो. अक्कलकोटच्या दुकानदाराला पाटीवर कन्नड नावही हवे आहे. ते द्यावे का, आणि दिले तर कसे?

नोंदणी_सल्लागार

कायद्याची हरकत नाही. पाटीवर मराठी नाव देवनागरीत आणि सुरुवातीला असलेच पाहिजे आणि त्याची अक्षरे दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, एवढे पाळा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला आहे.

पूर्वभागकर

जरूर द्यावे. माणूस आपल्या लिपीत नाव वाचून दुकानात शिरतो.

शाई_आणि_कागद

माझे मत थोडे वेगळे आहे. आज कन्नड दिले, की उद्या पूर्व भागातल्या दुकानासाठी तेलुगू मागितले जाईल आणि प्रत्येक लिपीतला लोगो स्वतंत्र रेखाटावा लागेल, कारण त्या लिप्यांना शिरोरेषा नाही आणि वर्तुळात त्या वेगळ्या बसतात. द्यायचेच असेल, तर लोगोला हात न लावता मोकळ्या जागेच्या बाहेर, खाली, साध्या अक्षरांत एका ओळीत द्या. पण हा निर्णय घरच्यांनी आणि अक्कलकोटच्या ग्राहकांनी घ्यायचा आहे, छापखान्याने नव्हे.

पेठेतली_बेकरी

घरातही यावर दोन मते आहेत. पाटीच्या दोन्ही नमुन्यांचे कागद छापून अक्कलकोटच्या दुकानात लावते आणि तिथल्या ग्राहकांचे म्हणणे कळले की इथे लिहिते.